तापाची दोन घड्याळं

मंडळी, या विकांताचा विषय आमच्या टीममधल्या नव्या बाबालोकांमुळे सुचला. मूल झालं की सॉफ्टवेअरवाल्याची झोप जाते आणि पहिला ताप आला की उरलीसुरली अक्कलही. मग रात्री दोनला ग्रुपवर प्रश्न पडतो: "पॅरासिटामॉल देऊनही १०२ आहे, मध्ये आयबुप्रोफेन देऊ का? आलटून पालटून देतात म्हणे." आणि पाच मिनिटांत सात उत्तरं येतात. त्यातली चार ठाम असतात आणि एकमेकांच्या विरुद्ध.

माझी वहिनी बालरोगतज्ज्ञ आहे. तिला हा प्रश्न आठवड्यातून दहादा तरी ऐकावा लागतो. तिच्याकडून समजलेलं आणि नंतर स्वतः वाचून पडताळलेलं इथे लिहितोय.

आधी थेट उत्तर. देता येतं, पण पहिल्यापासून नाही आणि सवयीने तर नाहीच. इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना यावर स्पष्ट आहेत. दोन्ही औषधं एकाच वेळी देऊ नका. एकच सुरू करा. त्याने मुलाचा त्रास कमी झाला नाही, किंवा पुढच्या डोसची वेळ व्हायच्या आत त्रास परत सुरू झाला, तरच दुसऱ्याचा विचार करा. आणि मुख्य म्हणजे, फक्त थर्मामीटरचा आकडा खाली आणायला औषध देऊ नका.

शेवटचं वाक्य मला आधी पटलं नव्हतं. वहिनी म्हणाली, "भाऊजी, ताप हा आजार नाही, शरीराने इन्फेक्शनविरुद्ध मुद्दाम वाढवलेलं तापमान आहे. १०२ ताप असून पोरगं खेळत असेल तर मी औषध देत नाही. १०१ असून किरकिरत, पाणी न पिता पडून असेल तर देते." तापाची औषधं दिल्याने तापातले झटके टळत नाहीत, हेही तिनेच सांगितलं. माझा तोपर्यंत उलटा समज होता.

मग दोन औषधांनी नक्की मिळतं काय? ब्रिस्टलमध्ये १५६ मुलांवर झालेला एक अभ्यास २००८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. दोन्ही औषधं मिळालेल्या मुलांचा २४ तासांतला बिनतापाचा वेळ नुसत्या पॅरासिटामॉलपेक्षा साधारण साडेचार तासांनी आणि नुसत्या आयबुप्रोफेनपेक्षा अडीच तासांनी जास्त होता. म्हणजे ताप उतरतो, हे खरं. पण मुलांना बरं वाटण्यात फरक दिसला नाही. (त्यासाठी अभ्यास लहान होता, हेही त्यांनीच लिहिलंय.) माझं लक्ष गेलं ते वेगळ्याच गोष्टीकडे. पालकांना लेखी सूचना देऊन, नीट देखरेखीखाली चाललेल्या या अभ्यासातही ८ टक्के मुलांना पॅरासिटामॉलचे आणि ११ टक्के मुलांना आयबुप्रोफेनचे ठरल्यापेक्षा जास्त डोस गेले होते. देखरेखीखाली ही गत, तर रात्री दोनला अर्धवट झोपेत काय होत असेल?

आता 'आलटून पालटून' या शब्दाकडेच बघू. ऐकायला छान लयबद्ध वाटतं: हे, मग ते, मग हे. पण दोन्ही औषधांची घड्याळं वेगळी आहेत. समजा डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दर ६ तासांनी, दिवसात जास्तीत जास्त ४ वेळा आणि आयबुप्रोफेन दर ८ तासांनी, जास्तीत जास्त ३ वेळा सांगितलंय. पहिलं रात्री १० ला सुरू केलं, दुसरं १ ला. पॅरासिटामॉलच्या वेळा आल्या १०, ४, १०, ४. आयबुप्रोफेनच्या १, ९, ५. म्हणजे रात्री दोन डोसमध्ये तीन तास आणि सकाळी ९ आणि १० ला दोन्ही जवळजवळ एकत्र! लय नाहीच. 'मघाशी ते दिलं, आता हे' असं बोटांवर मोजणारा माणूस इथे हमखास फसतो, कारण प्रश्न 'मघाशी काय दिलं' हा नसून 'हेच औषध शेवटचं कधी दिलं' हा आहे. त्यात आई आणि बाबा पाळीपाळीने जागत असतील तर विचारूच नका.

पण वेळ चुकण्यापेक्षा मोठा धोका बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेला असतो. माझ्या एका सहकाऱ्याच्या बाबतीत हे घडलंय. त्याच्या परवानगीने सांगतो.

त्याची मुलगी ११ किलोची. शुक्रवारी रात्री ताप चढला. डॉक्टरांनी आधीच्या आजारपणात दिलेलं पॅरासिटामॉल घरात होतं, ५ मिलीत २५० मिलिग्रॅमवालं. त्यातलं ३ मिली, म्हणजे १५० मिलिग्रॅम. हिशोब बरोबर होता, कारण एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं आणि ११ किलोला ते १६५ होतं. ताप हटेना म्हणून तो मेडिकलमध्ये गेला आणि आयबुप्रोफेन मागितलं. दुकानदाराने एक बाटली दिली, "हे जास्त स्ट्राँग आहे" म्हणून. पुढचे २४ तास पठ्ठ्याने वरच्याच वेळापत्रकाप्रमाणे दोन्ही दिली, पॅरासिटामॉल चार वेळा आणि नवी बाटली ५-५ मिली तीन वेळा. सगळं एक्सेलमध्ये लिहिलं आणि शनिवारी रात्री साडेनऊला मला पाठवलं, "बघ रे, १० चा डोस देऊ ना?"

एक्सेल चोख होतं. मी त्याला फक्त दोन्ही बाटल्यांच्या लेबलचे फोटो पाठवायला सांगितले. नव्या बाटलीवर नावापुढे 'प्लस' होतं आणि खाली घटक: दर ५ मिलीत आयबुप्रोफेन १०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल १६२.५ मिलिग्रॅम.

म्हणजे तो आलटून पालटून देतच नव्हता. पॅरासिटामॉल दोन्ही बाटल्यांतून जात होतं. हिशोब असा: पहिल्या बाटलीतून १५० चौक ६००. दुसरीतून १६२.५ त्रिक ४८७.५. एकूण १०८७.५ मिलिग्रॅम. भागिले ११ किलो, म्हणजे दिवसाला किलोमागे जवळजवळ ९९ मिलिग्रॅम. दिवसाची नेहमीची मर्यादा किलोमागे ६० आहे. ७५ च्या वर गेलं तर तपासून घ्यावं असं ब्रिटनमधले डॉक्टर सांगतात. ऑस्ट्रेलियातल्या विषबाधेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सहा वर्षांखालच्या मुलाला रोज १०० किंवा जास्त, असं तीन दिवस गेलं तर यकृताला धोका धरून तपासणी करायची असते. ही गाडी त्याच रस्त्यावर होती. आयबुप्रोफेन मात्र ३०० मिलिग्रॅम, किलोमागे २७, म्हणजे आटोक्यात. ज्याची भीती वाटते ते औषध ठीक होतं आणि 'साधं' समजलं जाणारं वर गेलं होतं.

वहिनीला फोन लावला. तिने दोन्ही बाटल्या बंद करायला लावून मुलीला लगेच हॉस्पिटलमध्ये न्यायला सांगितलं. रक्तात पॅरासिटामॉल किती आहे आणि यकृत कसं आहे ते तपासलं, सगळं ठीक निघालं. एका दिवसात पकडलं म्हणून.

"ठीक आहे की नाही ते घरी ओळखता आलं असतं का?" मी नंतर विचारलं.

"नाही ना, तीच तर अडचण," ती म्हणाली. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात एका विषारी पदार्थात बदलतो. यकृत आपल्याकडच्या साठ्यातून तो निष्प्रभ करत असतं. डोस वाढत गेला आणि मूल दोन दिवस धड जेवलेलं नसेल तर साठा अपुरा पडतो. सुरुवातीची लक्षणं काय? उलट्या, भूक नसणं, मलूल होणं. तापातल्या मुलात हेच दिसतं! त्यामुळे आई-बाबा समजतात ताप वाढला, आणि आणखी एक डोस देतात. यावर उतारा आहे, पण तो लवकर सुरू करावा लागतो. म्हणून शंका आली की लक्षणांची वाट न बघता बेरीज करायची आणि डॉक्टरांना आकडा सांगायचा.

बाटल्यांबद्दल आणखी एक. आपल्याकडे पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं मिळतं, तसंच २५० चंही. तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये तर १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असतात, म्हणजे १२० वाल्या सिरपच्या चौपट दाट. त्यामुळे "मागच्या वेळी ५ मिली दिलं होतं" या वाक्याला बाटली बदलली की काही अर्थ उरत नाही. लक्षात ठेवायचे ते मिलिग्रॅम. मिली दर वेळी लेबल वाचून काढायचे आणि चमच्याने नाही, सिरिंजने मोजायचे. सर्दीच्या काही सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतं, तेही बेरजेत धरायचं.

आणि आपल्या हवेसाठी एक खास गोष्ट, जी इंग्रजी साइट्सवर सहसा ठळक दिसत नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत पुण्या-मुंबईत ताप म्हटला की डेंग्यूची शंका असते, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत तो साध्या व्हायरल तापासारखाच दिसतो. डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात. आयबुप्रोफेन त्या प्लेटलेटचं काम आणखी बिघडवतं, पोटाच्या अस्तरालाही त्रास देतं, म्हणजे रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना डेंग्यूत पॅरासिटामॉलच सांगते, आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन नाही. तेव्हा त्या मोसमात डॉक्टरांनी तपासून डेंग्यू नाही म्हणेपर्यंत आलटून पालटूनचा प्रश्नच मिटतो. एकच औषध.

जुलाब-उलट्या होत असतील, लघवी कमी झाली असेल, तरीही आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अंगात पाणी कमी असताना मूत्रपिंडाकडे रक्त चालू ठेवायला शरीर जी रसायनं वापरतं, तीच हे औषध अडवतं. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा जास्त ताप असेल तर घरी कुठलंच औषध देऊन बघत बसायचं नाही, थेट डॉक्टरकडे.

माझ्या सहकाऱ्याच्या एक्सेलमध्ये आता दोन रकाने आहेत, पण बाटल्यांच्या नावाचे नाहीत, घटकांच्या नावाचे. एक पॅरासिटामॉल, एक आयबुप्रोफेन, दोन्हींत मिलिग्रॅम, आणि दोन्हींखाली गेल्या २४ तासांची बेरीज भागिले वजन. मिश्र बाटली दिली तर दोन्ही रकान्यांत नोंद. खरं तर त्याने ती बाटली फेकूनच दिली. टेम्प्लेट हवं असेल तर सांगा, त्याच्याकडून मागून घेतो.