डावं पायडल

लेकीला कलिन्याच्या विद्यानगरीत प्रवेश मिळाला आणि तिने जाहीर केलं, की वाकोल्यातून ती सायकलनेच जाणार. २६ जुलै २००५ नंतर आमच्या घरात तळमजल्यावर कुणी कामाची वस्तू ठेवत नाही. ही सायकल मात्र पाच पावसाळे जिन्याखालीच उभी होती. टायर बदलले, चेन धुतली. राहिलं होतं फक्त फुटलेलं डावं पायडल. दहा मिनिटांचं काम, असं मी म्हणालो.

पंधरा नंबरचा चपटा पाना लावला आणि कुठलाही नट खोलतो तसा घड्याळाच्या उलट दिशेने जोर दिला. हलेना. पान्यावर दोन फुटांचा पाइप चढवला आणि अंगाचा भार टाकला. किंचित हललं, तेव्हा मला आनंदच झाला.

"बाबा, डाव्याचे आटे उलटे असतात ना?" लेक म्हणाली.

असतात. उजवं पायडल नेहमीसारखं घड्याळाच्या उलट दिशेने सुटतं, डावं मात्र घड्याळाच्या दिशेने, दोन्ही त्या-त्या बाजूला उभं राहून बघितलं तर. आधीच जाम झालेलं पायडल मी पाइप लावून आणखी आवळलं होतं.

उलटे आटे ठेवण्यामागचं कारण मला नंतर पटलं. दांडा क्रँकच्या भोकात कितीही घट्ट बसवला तरी केसभर फट उरते. पाय खाली दाबतो आणि क्रँक फिरत राहतो, त्यामुळे तो दाब भोकाच्या कडेने गोल फिरतो आणि दांडा आत हळूहळू गडगडतो. सैल बांगडीत पेन्सिल धरून आतल्या कडेला टेकवत गोल फिरवा, ती स्वतःभोवती उलट्या दिशेने वळताना दिसेल. डावीकडे साधे आटे असते, तर या गडगडण्याने पायडल चालता चालता उकललं असतं.

दिशा पाठ करण्यात मात्र अर्थ नाही. मागून षट्कोनी किल्ली लावायची असली, की सगळं आणखी उलटं दिसतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या सायकलवाल्या काकांनी सांगितलेली युक्ती दोन्ही बाजूंना चालते: क्रँक पुढच्या चाकाकडे आडवा करा, पान्याचा दांडा मागच्या चाकाकडे वळवा आणि खाली दाबा. पाना क्रँकएवढाच लांब असेल तर जोर मधल्या आसावर पडतो आणि क्रँक जागचा हलत नाही. पाइप लावला की तो मागे फिरू लागतो, फ्रीव्हील काही त्याला अडवत नाही. म्हणून पलीकडचा क्रँक मागच्या आडव्या नळीला जुन्या ट्यूबने बांधायचा. चेन मोठ्या चक्रावर असू द्यायची, कारण पाना सटकला की बोटं थेट दात्यांवर जातात.

पण दिशा बरोबर असूनही ते सुटेना. क्रँक अ‍ॅल्युमिनियमचा, दांडा लोखंडी. ओल लागली की अशा जोडीत अ‍ॅल्युमिनियम झिजतं, त्याची पांढरी भुकटी फुगून आट्यांत ठासून बसते. "जोर नको, तेल दे आणि झोप," काका म्हणाले. सायकल उजव्या कुशीवर आडवी केली तर तेल बाहेरून फक्त कॉलरपर्यंत पोचतं. डाव्या कुशीवर केली तर क्रँकचं आतलं तोंड वर येतं, आट्यांचं भोक तिथे उघडं असतं. गंज सोडवणारं तेल तिथे टाकलं, तासाने पुन्हा, मग रात्रभर.

सकाळी मधल्या आसाला फडकं गुंडाळून क्रँकच्या टोकावर किटलीभर उकळतं पाणी ओतलं. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, तेवढीच फट हवी होती. पाना मागे, दाब खाली. काकांनी बजावलं होतं, की "कट्ट" असा आवाज आला तर सुटलं समजायचं. आवाज न होता पाना लोण्यासारखा वळू लागला तर लगेच थांबायचं, आटे कापले जातायत. 

कट्ट झालं. तरी पाव वळशानंतर पुन्हा घट्ट लागलं. तेव्हा पुढे रेटलं नाही. थोडं परत आवळायचं, तेल द्यायचं, थोडं सोडायचं, असं वीस मिनिटं. दांडा बाहेर आला तेव्हा त्याच्या आट्यांत करडी पेस्ट होती आणि चमकती अ‍ॅल्युमिनियमची तार. क्रँकचे बाहेरचे दोन आटे दांड्याबरोबर आले होते. पहिल्या दिवशीच्या माझ्या पाइपचं ते काम असावं, असं मला वाटतं.

काकांनी आत बोट फिरवून बघितलं. बाकीचे आटे शाबूत होते. तेही गेले असते तर भोक मोठं करून आत नवा बुश बसवावा लागला असता किंवा क्रँकच बदलावा लागला असता. पायडलवर 'एल' कोरलेलं बघून घेतलं, आट्यांना ग्रीस भरलं आणि लेकीने ते बोटांनीच आत फिरवलं. बोटांनी चार-पाच वळसे सहज गेल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही, हा तिचा नियम.

उजवं पायडलही तिनेच बदललं, ते मुकाट्याने सुटलं. आता दर रविवारी ती पाना घेऊन डावं तपासते. मला हात लावू देत नाही.