खालाची क्रॅनबेरी

2022 सालचा रमजान ऐन एप्रिलमध्ये आला होता. कोकणातला एप्रिल म्हणजे अंगाला चिकटलेला घाम आणि दुपारी घशाला पडलेली कोरड. विसाव्या रोज्याच्या आसपास खालाचा फोन आला. खाला म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, वय सत्तावन्न. मी औषधाच्या दुकानात बसते, त्यामुळे खानदानातल्या सगळ्यांची दुखणी आधी माझ्या फोनवर येतात, मग डॉक्टरकडे जातात.

"बेटा, थंडी वाजून ताप आलाय. आणि उजव्या बाजूला, कमरेच्या वर, पाठीत दुखतंय. सहरीचं सगळं उलटून पडलं."

मी विचारलं, "लघवीला जळजळ होती का?"

थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "पाच दिवस झाले. पण ती तर बरी झाली होती."

या पाच दिवसांत काय काय झालं ते मी नंतर दवाखान्यात तिच्या उशाशी बसून ऐकलं. आपल्या बहुतेक घरांत हेच होतं, म्हणून सविस्तर सांगते.

पहिल्या रात्री तरावीहनंतर जळजळ सुरू झाली. दर पंधरा मिनिटांनी जावंसं वाटायचं आणि चार थेंबच व्हायची. तिनं जव उकळून त्याचं पाणी केलं, रात्रभर भिजवलेल्या धन्यांचं पाणी घेतलं. दुसऱ्या दिवशी कुवेतहून आलेल्या मुलानं आणलेली क्रॅनबेरी रसाची बाटली उघडली. तिसऱ्या दिवशी शेजारणीकडून तिच्या मागच्या वेळच्या उरलेल्या दोन गोळ्या घेतल्या. चौथ्या दिवशी जळजळ कमी झाली आणि तिनं अल्लाहचे शुक्र मानले. पाचव्या दिवशी इफ्तारनंतर हुडहुडी भरली.

मी फोनवर तिला एवढंच म्हटलं, "खाला, आता घरचं काहीही नको. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा."

कारण लघवीचा संसर्ग दोन ठिकाणी असू शकतो आणि ती दोन दुखणी वेगळी समजायला हवीत. जंतू मूत्राशयातच असतील तर जळजळ होते, सारखं जावंसं वाटतं, ओटीपोटात दुखतं, कधी लघवीत रक्त दिसतं, पण सहसा ताप नसतो. तेच जंतू वर चढून मूत्रपिंडात गेले की थंडी वाजून ताप येतो, बरगड्यांखाली पाठीत एका बाजूला दुखतं, मळमळ किंवा उलटी होते. जंतू रक्तात पसरले तर जिवावर बेततं. इथे अँटिबायोटिकला पर्याय नाही, आणि जितका उशीर होतो तितका धोका वाढतो. गरोदर बाई, लहान मूल, मधुमेही, पुरुष, किंवा मूतखडा असलेला माणूस असेल तर तापाची वाटही पाहायची नाही. जळजळ सुरू झाली की तपासणी करायची.

मग चौथ्या दिवशी खालाला बरं का वाटलं? 2015 साली जर्मनीत जवळजवळ पाचशे बायकांवर एक अभ्यास झाला. साधा, मूत्राशयापुरता संसर्ग असलेल्या या बायकांपैकी निम्म्यांना अँटिबायोटिक दिलं, निम्म्यांना फक्त आयबुप्रोफेन हे वेदनाशामक. वेदनाशामकवाल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश अँटिबायोटिक न घेताच बऱ्या झाल्या. म्हणजे शरीर स्वतःच पुष्कळदा हे जंतू परतवून लावतं. त्या दिवसांत आपण जे पीत असतो, जव असो की धने, त्याला यश मिळतं. पण त्याच अभ्यासात वेदनाशामकवाल्या गटात संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेल्या बायका जास्त निघाल्या. संख्या थोडी होती, पण आमची खाला त्या थोड्यांतलीच.

जवाचं पाणी वाईट नाही. ते पाणीच आहे, लघवी पातळ होते आणि जळजळ सोसवते. पण जळजळ कमी होणं आणि जंतू मरणं या दोन गोष्टी आहेत. खाण्याच्या सोड्याचंही तसंच. लघवीचा आंबटपणा घटतो, थोडा आराम पडतो, जंतू मात्र तिथेच राहतात; आणि सोड्यातलं सोडियम रक्तदाबवाल्याला बाधतं ते वेगळंच.

आता क्रॅनबेरी. लघवीच्या बहुतेक संसर्गांमागे ई. कोलाय नावाचा, आपल्या आतड्यातच राहणारा जंतू असतो. त्याच्या अंगावर बारीक केसांसारखे तंतू असतात. त्यांनी तो मूत्राशयाच्या आतल्या भिंतीला धरतो, म्हणून लघवीच्या धारेबरोबर वाहून जात नाही. क्रॅनबेरीतले प्रोअँथोसायनिडिन नावाचे घटक ही पकड बसू देत नाहीत असं मानतात. यातच तिची मर्यादाही दिसते: पकड बसण्याआधी ती उपयोगी पडू शकते, पण एकदा जंतू चिकटून वाढले, भिंत सुजली, की ती त्यांना मारत नाही. झालेला संसर्ग क्रॅनबेरीनं बरा होतो याला भक्कम पुरावा नाही.

टाळण्यासाठी मात्र आहे. कोक्रेन ही संस्था जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासते. 2012 साली तिनं क्रॅनबेरीचा विशेष फायदा दिसत नाही असं म्हटलं होतं. 2023 साली पन्नास अभ्यास, जवळजवळ नऊ हजार माणसं, असं पुन्हा तपासल्यावर मत बदललं. ज्या बायकांना वारंवार संसर्ग होतो त्यांच्यात धोका साधारण एक चतुर्थांशानं घटलेला दिसला, मुलांमध्ये त्याहून जास्त. वृद्धाश्रमातली म्हातारी माणसं, गरोदर बायका आणि मूत्राशय नीट रिकामं न होणारे रुग्ण यांच्यात फायदा दिसला नाही. म्हणजे ही वस्तू उपयोगी आहे, पण काहींना, आणि थोडी.

खालाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरातलं लेबल मी वाचलं. पहिलं पाणी, दुसरी साखर, मग क्रॅनबेरी. खरा रस इतका आंबट आणि तुरट असतो की पेल्याने पिणं कठीण, म्हणून बाजारात मिळतं ते बहुधा सरबतच. रोज ते प्यायचं म्हणजे रोज साखर प्यायची. घ्यायचीच तर गोळी बरी. तिच्यावर प्रोअँथोसायनिडिन किती ते लिहिलेलं असावं. अभ्यासांमध्ये दिवसाला 36 मिलिग्रॅम हे प्रमाण पुष्कळदा वापरलेलं आहे. रक्त पातळ करणारी वॉरफरिन ही गोळी चालू असेल किंवा मूतखडा झालेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. आणि कोकणातल्या माझ्या भावंडांनो, आपल्या करवंदाला 'भारतीय क्रॅनबेरी' म्हणून विकतात म्हणून फसू नका. करवंद गुणी आहे, लोणचं तर विचारूच नका, पण ते झाड वेगळं आणि हे सगळे अभ्यास त्याच्यावर झालेले नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं औषध द्यायच्या आधी लघवीचा नमुना कल्चरला पाठवला. हा क्रम महत्त्वाचा. आधी औषध घेतलं की जंतू नीट वाढत नाहीत आणि अहवाल फसवा येतो. नमुना घेताना जागा पाण्यानं धुवून, सुरुवातीची धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत घ्यायची आणि दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवायची. मग शिरेतून औषध सुरू केलं.

दोन दिवसांनी अहवाल आला. ई. कोलाय, एका मिलिलिटरमध्ये एक लाखाहून जास्त. खाली औषधांची यादी आणि पुढे 'एस' किंवा 'आर'. एस म्हणजे या औषधानं जंतू मरतात, आर म्हणजे दाद देत नाहीत. शेजारणीनं दिलेली गोळी होती नॉरफ्लॉक्सॅसिन. तिच्यापुढे 'आर' होतं. म्हणजे त्या दोन गोळ्यांनी जंतूंचं काहीच बिघडवलं नव्हतं.

यादीत नायट्रोफ्युरँटॉइनपुढे 'एस' होतं. माझा मावसभाऊ म्हणाला, "ही तर तोंडानं घ्यायची स्वस्त गोळी आहे, मग सुया कशाला?" प्रश्न बरोबर होता. मूत्राशयाच्या संसर्गाला हे उत्तम औषध, पण ते लघवीतच साठतं, मूत्रपिंडाच्या मांसात पुरेसं पोचत नाही. अहवालात 'एस' असलं तरी मूत्रपिंडाच्या दुखण्याला ते चालत नाही. तसंच, मूत्राशयाच्या दुखण्याला ही गोळी चालू असताना लघवीचा आंबटपणा घालवणारं सिरप स्वतःहून जोडू नये. आंबटपणा गेला की गोळीचा जोर घटतो. म्हणूनच अहवाल घेऊन थेट दुकानात येणाऱ्यांना मी परत डॉक्टरकडे पाठवते.

खाला चौथ्या दिवशी घरी आली, पुढच्या गोळ्या अहवाल पाहून ठरल्या आणि दहा दिवसांचा क्रम तिनं पुरा केला. उरलेले रोजे तिनं सोडले. तिला रडू येत होतं. मी म्हटलं, रोज्याच्या आयतींमध्येच आजाऱ्याला सवलत आहे. नंतर कझा ठेव. तिनं हिवाळ्यात, लहान दिवसांत, एकेक करून ठेवले.

वर्षातला तिचा हा तिसरा संसर्ग होता. वर्षात तीन किंवा सहा महिन्यांत दोन झाले की ते वारंवार होणारं दुखणं समजतात आणि मग कारण शोधावं लागतं. तिची तीन कारणं निघाली.

पहिलं, पाणी. इफ्तार ते सहरी ती चहा धरून चार पेले प्यायची. 2018 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना वारंवार संसर्ग होतो आणि ज्या दिवसाला दीड लिटरहून कमी पितात अशा तरुण बायकांना रोज आणखी दीड लिटर पाणी प्यायला लावलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा संसर्ग झाला, नेहमीइतकंच पिणाऱ्यांना 3.2 वेळा. आता खाला मगरिबनंतर बाटली मोजून पिते.

दुसरं, धरून ठेवणं. वझू तुटू नये म्हणून ती मगरिबच्या वझूवर इशा आणि तरावीह काढायची, पोट दुखलं तरी. आपल्या कितीतरी बायका हेच करतात. खरं तर जोराची लघवी दाबून नमाज पढणं मकरूह आहे. जाऊन यावं, वझू पुन्हा करावा.

तिसरं कारण तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. पाळी गेल्यावर आतली त्वचा कोरडी होते, तिथले चांगले जंतू घटतात आणि ई. कोलायला जागा मिळते. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी तिला आतून लावायचं इस्ट्रोजेनचं मलम दिलं. पाळी गेलेल्या बायकांसाठी याचा पुरावा क्रॅनबेरीहून भक्कम आहे. खालाला मात्र ते मागायची लाज वाटत होती; क्रॅनबेरीची बाटली मुलाकडून मागायला लाज वाटत नाही. तहारतीसाठी ती वापरत असलेला सुगंधी साबणही बाईंनी बंद केला. साधं पाणी, पुढून मागे, एवढं पुरतं.

त्यानंतरच्या दोन वर्षांत तिला एकदाच त्रास झाला. त्या वेळी तिनं पहिल्याच दिवशी नमुना दिला आणि पाच दिवसांच्या गोळ्यांत बरी झाली. क्रॅनबेरीची गोळी ती अजूनही घेते, आणि मी तिला अडवत नाही. फक्त गेल्या ईदला शेजारीण जळजळीची तक्रार घेऊन आली तेव्हा खालानं तिला शीरखुर्मा दिला, पाणी दिलं, आणि विचारलं, "ताप आहे का? पाठीत दुखतं का? मागच्या गोळ्या उरल्या असतील तर त्या घेऊ नकोस."