राजूरची टिपणे : जेवणानंतर दोन तास

१.
राजूर पेढ्यांसाठी ओळखलं जातं. ग्रामीण रुग्णालयही इथेच.

२.
गरोदरपणातल्या साखरेची तपासणी: ७५ ग्रॅम ग्लुकोज, सुमारे ३०० मिली पाण्यात. पाच-दहा मिनिटांत संपवायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. आकडा १४० किंवा वर गेला की साखर आहे असं धरतात. ७५ ग्रॅम म्हणजे चहाचे पंधरा चमचे. पहिलटकरणीचं तोंड तिसऱ्या घोटाला वाकडं होतं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा.

३.
यात उपाशी यायची गरज नाही. जगात बऱ्याच ठिकाणी ही तपासणी उपाशीपोटी सुरू होते. आपल्याकडची रीत चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवली. रतनवाडीहून जीपने येणाऱ्या बाईला 'उपाशी या' म्हटलं, तर ती एकतर भोवळ येऊन पडेल नाहीतर येणारच नाही. या पद्धतीत काही बायका निसटतात, हा आक्षेप खरा आहे. पण न आलेल्या तर सगळ्याच निसटतात.

४.
पहिल्या भेटीत एकदा, मग २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. पहिली चांगली आली म्हणून दुसरी टाळणाऱ्या बऱ्याच. वार वाढते तशी तिच्या संप्रेरकांमुळे आईचं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. खरा जोर सहाव्या महिन्यानंतर असतो.

५.
'मी तर काडीसारखी, मला कुठली शुगर?' रांगेत ऐकलेलं. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत, की आपली माणसं दिसायला बारीक आणि आतून चरबीची असू शकतात.

६.
एक बाई धरू. सव्विसावा आठवडा, आकडा १५८. लगेच औषध नाही. आधी दोन आठवडे फक्त जेवणाकडे बघायचं.
तिचं जेवण असं: सकाळी दोन चमचे साखरेचा चहा नि टोस्ट, दुपारी भाताचा डोंगर नि पातळ आमटी, रात्री तेच. बदल असे: चहातली साखर बंद. टोस्टऐवजी अर्धी भाकरी आणि मटकीची उसळ, कारण सकाळी साखर सर्वांत हट्टी असते. दुपारी भात किंवा भाकरी, दोन्ही नाही. भात वाटीने मोजून, सोबत घट्ट वरण, वालाची उसळ, पालेभाजी. मध्ये दोनदा थोडं काही: मूठभर फुटाणे, एखादं अंडं. दिवसाचं अन्न फारसं कमी झालेलं नाही, वाटलं गेलंय.

७.
भीतीने रात्रीचं जेवणच सोडणाऱ्या असतात. आकडा सुंदर येतो. पोटातल्याला मात्र कमी पडतं.

८.
नागली साखरेला चालते, असं सगळे सांगतात. भाकरी चालते, तीही मोजून. तिचीच पातळ, गूळ घातलेली पेज झटकन चढते.

९.
आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय राजूरलाच. अमृत आहार योजनेत शेवटच्या तीन महिन्यांत अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण: भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, पालेभाजी, गूळ-शेंगदाण्याचा लाडू, अंडं किंवा केळं. बहुतेकींना याची नितांत गरज. १५८ वालीने लाडू आणि केळं दुसऱ्या कुणाला द्यावं, अंडं मागून घ्यावं.

१०.
दोन आठवड्यांनी, जेवून दोन तासांनी रक्त. १२० च्या आत असेल तर हेच जेवण चालू, २८ आठवड्यांनंतर दर आठवड्याला तपासणी. आपल्या बाईचं १२८ आलं. म्हणजे मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन.

११.
आटोक्यात असेल तर बाळंतपण नेहमीच्या ठिकाणी चालतं. इन्सुलिन घेऊनही १२० च्या वर राहिली, किंवा दिवसाला २० युनिटहून जास्त लागलं, तर सिझरची सोय असलेल्या ठिकाणी, तेही ठरल्या तारखेच्या निदान आठवडाभर आधी. श्रावणात दिवस भरत असतील तर घाटघरच्या बाईने हा आठवडा आधीच धरून ठेवावा. सोबत कोण राहणार, घरची आवणी कोण आवरणार, हेही त्यातच आलं.

१२.
'शुगर म्हणजे सिझरच ना?' नाही. बाळ चार किलोच्या वर जाईलसं दिसलं तर सिझरचा विचार, कारण डोकं बाहेर येऊन खांदा अडकू शकतो. एरवी नैसर्गिकच. साखर ताब्यात असेल तर ३९ आठवड्यांआधी घाई नको; अशा बाळांची फुप्फुसं उशिरा पिकतात. कळा आपोआप आल्या नाहीत तर त्यानंतर आणवतात. साखर हाताबाहेर असेल, रक्तदाब असेल, तर तारीख डॉक्टर आधी आणतात.

१३.
बाळाची साखर मात्र जन्मानंतर घसरते. आत आईच्या साखरेला पुरेल इतकं इन्सुलिन बनवायची त्याला सवय झालेली असते. नाळ कापली की पुरवठा बंद, इन्सुलिन चालूच. ४५ च्या खाली गेली तर धोका. म्हणून तासाभरात अंगावर पाजायचं. मधाचं बोट चाटवायला आलेल्या आजीला दाराबाहेर थांबवायचं.

१४.
वार पडली की आईची साखर बहुधा लगेच उतरते. घरचे म्हणतात, गेली शुगर. मग डिंकाचे लाडू.

१५.
सहा आठवड्यांनी आणखी एक तपासणी, कारण काहींची जात नाही. सव्वा महिना संपल्यावर चार-पाच दिवसांनीच तिची वेळ येते. ही मात्र उपाशीपोटी.