दोन्ही बूट उजवीकडे कलले होते

आमच्याकडे विद्यापीठ परिसरात पहाटे धावायला येणाऱ्यांत पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं बरीच असतात. सोळाशे मीटरची वेळ कमी करायची, एवढाच ध्यास. मी तिथे वर्षानुवर्षं धावतो, त्यामुळे ती मला काका म्हणतात आणि दुखणीखुपणीही सांगतात. त्यातल्या एकाची नडगी आठवडाभर ठणकत होती. मी बूट बदलायला सांगितलं, तर त्याने तळवा वर करून दाखवला. "काका, नक्षी बघा ना. नव्यासारखीच आहे."

नक्षी खरंच शाबूत होती. पण धक्का झेलतो तो रबराच्या वरचा फोमचा थर, ज्याला मिडसोल म्हणतात. त्या फोममध्ये हवेच्या बारीक बारीक बंद पेशी असतात. पाय पडला की त्या दबतात आणि उचलला की फुगतात. हजारो पावलांनंतर काहींच्या भिंती मोडतात आणि थर दबलेलाच राहतो. हा मुलगा हर्सूलजवळच्या रस्त्याच्या साइडपट्टीवरून धावायचा. मातीवर रबर डांबराइतकं झिजत नाही, पण फोम मात्र प्रत्येक पावलाला दबतोच. त्याच्या बाबतीत तळवा पाहून काही कळणारच नव्हतं.

मग आम्ही हिशेब मांडला. रोज आठ किलोमीटर, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे आठवड्याला चाळीस. चार महिन्यांत जवळपास ६८० किलोमीटर. शिवाय हेच बूट घालून तो क्लासला आणि अभ्यासिकेत जायचा. ती चाल हिशेबात धरलीच नव्हती. सर्वसाधारण बुटाचं आयुष्य ५०० ते ८०० किलोमीटर मानतात. वजनदार माणसाचा बूट अलीकडेच थकतो, हलक्या माणसाचा पुढे जातो. अमेरिकेत १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यंत्राने बूट दाबून पाहिले होते. ४०० ते ८०० किलोमीटरइतक्या वापरानंतर धक्का झेलण्याची मूळ क्षमता साठ टक्क्यांच्याही खाली आली होती. माणसांनी घालून धावलेले बूट मात्र ८०० किलोमीटरनंतरही सत्तर टक्क्यांच्या आसपास टिकून होते. आजचे फोम वेगळे आहेत, म्हणून किलोमीटरचा आकडा मी निकाल म्हणून वापरत नाही. तिथून पुढे दर आठवड्याला बूट हातात घेऊन तपासायचा, एवढंच तो आकडा मला सांगतो.

तपासायचं कसं, तेही त्याला तिथेच दाखवलं. टाचेखालच्या फोमच्या बाजूला अंगठा दाबायचा. त्याच्या बुटाचा फोम कडक लागला, आणि आडव्या सुरकुत्या वजन नसतानाही मिटत नव्हत्या. शेजारच्या मुलाचा महिनाभर वापरलेला तसाच बूट दाबला, तेव्हा फरक त्यालाच जाणवला. असा तुलनेचा बूट हाताशी नसेल तर अंगठ्याचा अंदाज फसतो, कारण काही फोम मुळातच कडक असतात. शिवाय थंडीत सगळेच जरा घट्ट लागतात.

शेवटी बूट एका सपाट ओट्यावर ठेवले आणि मागून डोळे टाचेच्या पातळीला आणून पाहिलं. टाच बाहेरच्या कडेला थोडी झिजणं नेहमीचं असतं, कारण बहुतेकांची टाच तिथेच आधी टेकते. पायाच्या ठेवणीमुळे बूट कलले तर दोन्ही सहसा आत किंवा दोन्ही बाहेर कलतात. इथे डावा बूट आतल्या अंगाला झुकला होता आणि उजवा बाहेरच्या. म्हणजे दोन्ही उजवीकडेच!

"तू रस्त्याच्या कोणत्या कडेने धावतोस रे?" मी विचारलं.

"उजव्या. समोरून येणारी गाडी दिसते ना."

"आणि परत येताना?"

"तेव्हाही उजव्याच."

पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता ठेवतात. साइडपट्टीला तर त्याहून जास्त उतार असतो. जाता-येता उजवी कड धरली की उतार कायम उजवीकडेच राहतो. डावा पाय उंचावर पडून आत वळतो, उजवा खोलात पडून बाहेर. फोम त्याच बाजूंना चेपला होता. आणि एकदा बूट असा कलला की सपाट जमिनीवरही पाय तिरकाच पडतो.

गाडीकडे तोंड करून धावण्याची त्याची सवय योग्यच होती, म्हणून कड बदलायला मी सांगितलं नाही. सराव सपाट मैदानावर आणला, आणि तिथे एक दिवस डावीकडून, एक दिवस उजवीकडून फेऱ्या मारायला लावल्या. नडगीवर एकाच ठिकाणी बोट ठेवताच कळ येत होती. असं दुखणं हाडाच्या बारीक चिरेचंही असू शकतं, म्हणून आधी डॉक्टरांकडे पाठवलं. सुदैवाने तसं काही निघालं नाही. नव्या बुटांच्या जिभेच्या आत त्याने पेनने तारीख लिहिली, आणि क्लासला आता तो चपला घालून जातो.