सुवर्ण गुणोत्तर आणि व्हॉट्सअॅपचा फॉरवर्ड

महाड-पोलादपूरच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय: पूर्ण उंचीला बेंबीपर्यंतच्या उंचीने भागा, प्रत्येक माणसात १.६१८ येतं. पोलादपूरकडच्या एका शाळेच्या गणित मंडळात मी शनिवारी शिकवायला जातो. तिथे पोरांनी हेच विचारलं. म्हटलं, आधी हा आकडा येतो कुठून ते बघू.

```
a, b = 1, 1
for i in range(10):
    print(b, b/a)
    a, b = b, a + b
```

हे पायथॉनमधलं. मागच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची, हीच फिबोनाची मालिका. भागाकार २, १.५, १.६६ असा वरखाली होत दहाव्या ओळीला १.६१८ वर आला. मग एकीने सुरुवात बदलून ७ आणि १०० घातले. पहिला भागाकार १४ च्या वर, पण दहाव्या ओळीला १.६१७७! म्हणजे जादू १, १ ची नाही, बेरजेच्या नियमाची. गुणोत्तर x वर स्थिरावलं, तर x = 1 + 1/x असायलाच हवं. त्यातून x = (1 + √5)/2 निघतो.

मग टेप काढली. कुणाचं १.६२ आलं, कुणाचं १.७. उंची १५० सेंमी असेल, तर बेंबी ९२ वर धरल्यास १.६३ आणि ९३ वर धरल्यास १.६१. टेप एक सेंटीमीटर सरकली की उत्तर बदलतं. अशा मापाने १.६१८ सिद्ध कसं होणार?

पुढच्या वेळी फॉरवर्ड आला, तर पाठवणाऱ्याला एकच विचारा: किती जणांना मोजलंत?