शेवटची तिकिटं महाग झाली की राग का येतो?

मंडळी, नाटकाला पुढच्या रांगा महाग आणि बाल्कनी स्वस्त, यावर आपल्याकडे कोणी भांडत नाही. खुर्ची वेगळी, दर वेगळा, आणि तो जाहिरातीतच छापलेला.

आता ब्रिटनचं बघा. ऑगस्ट 2024 मध्ये ओअॅसिस बँडची तिकिटं निघाली. लोक ऑनलाइन रांगेत तासन्‌तास थांबले. नंबर लागला तेव्हा साधारण 150 पाउंडांचं उभं राहायचं तिकीट 355 पाउंडांना! मैदान तेच, जागा तीच. घ्यायचं की सोडायचं ठरवायला मोजकी मिनिटं.

तिथल्या सरकारी नियामकाने चौकशी केली. मागणी बघून भाव वाढवणारी संगणकीय प्रणाली होती, असा पुरावा मिळाला नाही. दर दोनच होते. स्वस्त संपले की महाग सुरू. पण रांगेतल्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. शेवटी 2025 मध्ये टिकिटमास्टरने मान्य केलं, की असे टप्पे असतील तर 24 तास आधी सांगू.

मुद्दा इथेच आहे. शेवटच्या वीस खुर्च्या महाग विकायच्या तर खुशाल विका, पण आधी लिहा. एसटीची दिवाळीतली भाडेवाढ आपण कुरकुरत का होईना सोसायचो, कारण ती आधी जाहीर व्हायची. रांगेत ताटकळत ठेवून, माणूस परत फिरणार नाही हे ओळखून दर सांगितला, की ती अडवणूकच वाटते.

तुम्हाला काय वाटतं?