पाणी भरायची जागा

पुसट फोटो सगळे सारखे नसतात. कॅमेऱ्याचं भिंग नीट जुळलं नसेल तर सगळंच चित्र धुकट होतं आणि त्यातून फारसं काही हाती लागत नाही. चालत्या गाडीतून काढलेल्या फोटोची गोष्ट वेगळी. त्यात जवळचं सगळं आडवं फरफटलेलं असतं, पण लांबचं शाबूत राहतं. हिशेब सोपा आहे. बस ताशी ३० किलोमीटरने चालली असेल आणि साध्या कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाचा साठावा भाग उघडा राहिला, तर तेवढ्यात बस सुमारे १४ सेंटिमीटर पुढे सरकते. पाच-सहा मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा पुसून टाकायला तेवढं पुरतं. पाच-सहा किलोमीटरवरच्या डोंगराला मात्र त्याने काहीच होत नाही.

माझ्या आत्याकडचा फोटो या दुसऱ्या प्रकारचा होता. तिचे यजमान एसटीत चालक होते आणि कित्येक वर्षं माळशेज घाटातून गाडी चालवत. कल्याणहून निघाल्यावर घाट लागायच्या आधी एका टपरीवर ते चहाला थांबत. एकदा तिथे त्यांची गाडी उभी असताना शेजारून दुसरी बस गेली आणि तिच्यातल्या कुणी ओळखीच्याने खिडकीतून फोटो काढून पुढे त्यांना दिला. फोटोत तपकिरी रेघांच्या गर्दीत एक छप्पर आहे, एक उभा काळा पट्टा आहे आणि खाकी रंगाचा एक डाग आहे. तो डाग म्हणजे आतोबा. आत्या ऐंशी ओलांडून गेली आहे, जुन्नरला असते. ती म्हणाली, "अरे, जन्मभर त्या चहाचं कौतुक ऐकलं. माझ्या चहाला कधी तेवढं चांगलं म्हणाले नाहीत. ती जागा तरी कुठली, बघून ये." फोटोच्या मागे कुणी काहीच लिहिलेलं नव्हतं.

टपरी शोधायची तर आधी टपरीवरून नजर काढावी लागते. मी फोटोचा खालचा अर्धा भाग कागदाने झाकला. उरला तो सह्याद्रीचा कडा. डावीकडे एकाएकी तुटलेलं एक टोक, मग मोकळी फट आणि उजवीकडे सपाट माथ्याचा डोंगर. कल्याण-मुरबाड रस्त्याने कधी माळशेजला गेला असाल तर ते टोक तुम्हीही ओळखाल. तो नानाचा अंगठा. त्याच्याच कुशीतून जुना नाणेघाट चढतो. उजवीकडचा सपाट डोंगर म्हणजे जीवधन. फोटो उलटा छापला गेला असण्याचीही शक्यता असते. जुन्या स्टुडिओंत निगेटिव्ह पालथी लागली की डावं उजवीकडे जाई. इथे अंगठा डावीकडे आणि जीवधन उजवीकडे होता, म्हणजे कोकणातून पाहताना दिसतो तसाच. फोटो सुलटा होता.

रंगांवर मात्र भरवसा ठेवता आला नाही. छपराशेजारी एक पांढुरका ठिपका होता, बहुधा मैलाचा दगड. त्याचा माथा पिवळा असता तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असता तर राज्यमार्ग, एवढं तरी कळलं असतं. पण जुन्या रंगीत फोटोत निळसर रंग आधी उडतो आणि सगळ्यावर तांबूस झाक चढते, त्यामुळे हिरवं गवतही वाळल्यासारखं दिसू लागतं. म्हणून गवतावरून ऋतू ठरवला नाही. कड्यावर ढग नाहीत, धबधब्यांच्या पांढऱ्या रेषा नाहीत, म्हणजे पावसाळा नाही, एवढंच धरलं.

आता खरं काम. डोंगर दोन असले आणि एक जवळ, एक लांब असला, तर रस्त्याने पुढे जाताना त्यांच्यातली फट बदलत जाते. टोकावड्याकडून वैशाखऱ्याकडे आणि तिथून मोरोशीकडे जावं तसा अंगठा जीवधनकडे सरकत जातो, कारण तो रस्त्याला जवळ आहे आणि जीवधन त्याच्या मागे, दक्षिणेला. फोटोत फट जेवढी आहे तेवढीच ती रस्त्यावर जिथून दिसेल, तिथेच कुठेतरी ती बस असणार. मोजताना फुटपट्टीचे सेंटिमीटर उपयोगाचे नाहीत, कारण फोटो लहानमोठा छापला की तेही बदलतात. बदलत नाही ते प्रमाण: जीवधनच्या सपाट माथ्याची रुंदी आणि ती फट, यांचं एकमेकांशी असलेलं नातं. मी पारदर्शक प्लास्टिकवर कड्याची रेघ बारीक पेनाने उतरवून घेतली. रस्त्यावर उभं राहून ते प्लास्टिक डोळ्यासमोर पुढे-मागे करायचं, जीवधनचा माथा रेघेत बसला की हात थांबवायचा आणि अंगठा कुठे पडतो ते पाहायचं.

हे दिवाळीनंतर करावं. उन्हाळ्यात कोकणातून सह्याद्री नुसता करड्या पडद्यासारखा दिसतो आणि पावसाळ्यात ढग डोंगरच नेतात. थंडीतही सकाळी ऊन कड्याच्या पाठीमागून येतं आणि सगळा डोंगर एकाच काळ्या रेघेत दिसतो. त्याच्या घड्या पाहायच्या तर दुपार उलटून ऊन पश्चिमेला जायला हवं. टोकावड्याच्या बाजूला अंगठा रेघेच्या फार डावीकडे पडत होता. मोरोशीला, जिथे भैरवगडाची भिंत अंगावर येते, तिथे तो फार उजवीकडे गेला होता. खरी जागा मध्ये होती. मध्ये कुठे, याचं उत्तर डोंगर एका मर्यादेपर्यंतच देतात. डोंगर लांब असले की शंभर-दोनशे पावलं पुढे-मागे झालं तरी फट बदलल्याचं डोळ्याला जाणवत नाही. शिवाय रस्ता रुंद झाला, वळणं सरळ झाली, कडेची झाडं गेली. प्लास्टिकने मला साधारण अर्ध्या किलोमीटरच्या पट्ट्यात आणून सोडलं. तिथून पुढचं माणसांनाच विचारायचं होतं.

"इथे जुनी चहाची टपरी कुठे होती?" असं विचारलं की प्रत्येकजण वेगळीकडे बोट दाखवतो, आणि कुणीही खोटं बोलत नसतो. टपऱ्या येतात, जातात, दोन पावसाळ्यांत जागा बदलतात. माणूस लक्षात ठेवतो ती त्याने स्वतः चहा प्यायलेली टपरी. म्हणून मी टपरीचं नाव काढलं नाही. आतोबा तिथे का थांबत असतील, याचा विचार केला. जुन्या गाड्यांची इंजिनं घाटात तापत. शहाणा चालक चढ लागायच्या आधी गाडी उभी करी, इंजिन जरा निवू देई आणि रेडिएटरमध्ये पाणी घाली. ते पाणी जिथे मिळे तिथे गाडी थांबे, गाडी थांबे तिथे चहा होई. एका वाडीच्या तोंडाशी बसलेल्या म्हाताऱ्या बाबांना विचारलं, "बाबा, घाट चढायच्या आधी एसटीवाले पाणी कुठं भरायचे?"

ते लगेच म्हणाले, "इहिरीवं. चिंचेखाली. डालड्याच्या डब्यानं भरायचे." आणि उठून चालूच लागले.

पाण्यापाशी थांबायची ही रीत या वाटेवर फार जुनी आहे. वर नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनकाळातली लेणी आहेत आणि दगडात खोदलेली पाण्याची टाकीही आहेत. सोपारा-कल्याणहून जुन्नरला जाणारे व्यापाऱ्यांचे तांडे चढून आले की आधी पाण्यापाशी थांबत. तिथला मोठा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात. तिथे पाण्यावर थांबत ते बैल, इथे खाली पाण्यावर थांबली ती इंजिनं. मला वाटतं, प्रवासातली विसाव्याची जागा माणसाच्या लहरीने ठरत नाही. ओढणाऱ्याला जिथे दम लागतो तिथे ती ठरते, मग तो ओढणारा बैल असो की डिझेल.

बाबांनी दाखवलेली विहीर आता लोखंडी जाळीने झाकली आहे. शेजारी चिंच आहे. पूर्वीचा रस्ता तिच्या बुंध्याला लागून जात असे. आताचा भराव घालून कमरेएवढा उंच केला आहे आणि टपरीची जागा त्या भरावाच्या उतारात अर्धी गाडली गेली आहे. फोटोतला उभा काळा पट्टा चिंच असेल का, हे तपासायला हवं होतं, कारण जागा सापडावी अशी इच्छा झाली की कुठलंही झाड फोटोतल्यासारखं दिसू लागतं. म्हणून आधी विहिरीच्या अलीकडे आणि पलीकडे बरंच चालून पाहिलं. त्या पट्ट्यात रस्त्याकाठी दुसरं जुनं झाड नव्हतं आणि तोडलेल्या झाडाचा बुंधाही नव्हता. मग चिंचेचं खोड पाहिलं. रस्त्याच्या बाजूला सालीत निम्मे बुडालेले तीन जाड खिळे, एकाच रेषेत. झाड शेंड्याकडून वाढतं, त्यामुळे खोडात ठोकलेला खिळा कितीही वर्षांनी त्याच उंचीवर राहतो. फक्त साल त्याच्यावर चढत जाते. पण खाली भराव पडल्याने हे खिळे आता माझ्या छातीशी होते. भराव मनातल्या मनात काढला की ते डोक्याच्या वर, छपराच्या उंचीवर जात होते. छपराची आडवी बांबूकाठी याच खिळ्यांना बांधत असणार. प्लास्टिक काढलं. जीवधनचा माथा रेघेत बसला, अंगठाही बसला.

टपरी चालवणारा गृहस्थ केव्हाच वारला. त्याची सून त्याच वाडीत राहते. तिने फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "माणसं कळत नाहीत, पण छप्पर आमचंच. मामंजी गवताचं शाकारायचे, पुढनं उतरतं." टपरी का मोडली, याला तिचं उत्तर साधं होतं. नव्या गाड्या पाणी मागेनाशा झाल्या. एसटीचे चहाचे थांबे ठरलेल्या हॉटेलांवर गेले. मग रस्त्याचं काम निघालं आणि छप्पर काढावं लागलं. तिने चहा केला, त्यात गवती चहाची पाती पडली. विहिरीच्या सांडपाण्यावर सासऱ्यांनी लावलेलं ते गवत काम सुरू व्हायच्या आधी तिने उपटून परसात आणलं होतं. आतोबांना आवडायची ती चव हीच, असं मी म्हणणार नाही. दूध वेगळं, पाणी वेगळं, भूक वेगळी. पण आत्या घरी गवती चहा कधीच घालत नसे, हे मला माहीत आहे.

त्या रस्त्याने जुन्या गाड्या चालवलेले चालक आणि वाहक आता सत्तरी-ऐंशीत आहेत. कुठल्या वळणावर पाणी होतं, कुठे चहा होता, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगू शकत नाही, आणि रस्त्यांचं रुंदीकरण त्यांच्यासाठी थांबणार नाही. तुमच्या घरात असा कुणी असेल तर या दिवाळीत जुना अल्बम त्याच्यासमोर उघडा आणि प्रत्येक फोटोच्या मागे गावाचं नाव, रस्ता, गाडी कुठून कुठे चालली होती आणि सुमारे कोणतं साल, एवढं लिहून ठेवा. बॉलपेनने लिहू नका, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई झिरपते. मऊ शिशाची पेन्सिल घ्या आणि कडेला, हलक्या हाताने लिहा.